जिनिंग मिलचा झेड स्कोर 3.6 आला, तर 45 दिवसांच्या उधारीवर कपाशी द्यायला हरकत नाही ना?

भाऊ, मी जळगावात एका बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. तुमच्या 3.6 वर मी एक गाडीसुद्धा उधार दिली नसती. तुमचा हिशोब बरोबर आहे, सूत्र मात्र या धंद्याला लागू पडत नाही.

तुम्ही वापरलंय ते एडवर्ड आल्टमन यांचं 1968 चं सूत्र. त्यांनी अमेरिकेतल्या 66 उत्पादक कंपन्या घेतल्या, 33 बुडालेल्या आणि 33 तगलेल्या. नफा, कर्ज, खेळतं भांडवल वगैरे पाच गुणोत्तरांना वजनं देऊन कंपनी बुडण्याचा धोका सांगणारा एक आकडा केला, तोच झेड स्कोर. त्यात शेअर बाजारातली किंमत लागते, आणि तुमची मिल तर प्रायव्हेट लिमिटेड. अशा कंपन्यांसाठी त्यांनीच नंतर वेगळी वजनं काढली. त्यात 2.9 च्या वर सुरक्षित आणि 1.23 च्या खाली धोका.

तुम्ही दिलेले आकडे त्यात घालू. एकूण मालमत्ता 1000 लाख, खेळतं भांडवल 30, साठलेला नफा 60, व्याज आणि कर धरण्याआधीचा नफा 50, मालकांचा पैसा 200, एकूण देणी 800, विक्री 3200. मालकांच्या पैशाला देण्यांनी भागायचं, बाकी सगळ्यांना मालमत्तेनं.

```
Z' = 0.717(0.03) + 0.847(0.06) + 3.107(0.05)
   + 0.420(0.25) + 0.998(3.2)
   = 0.02 + 0.05 + 0.16 + 0.11 + 3.19 = 3.53
```

शेवटचा 3.19 बघा. सगळा स्कोर विक्रीनं उभा केलाय, बाकी चार गोष्टींचे मिळून 0.35 सुद्धा होत नाहीत. जिनिंगमध्ये कपाशी आली, रुई-सरकी वेगळी झाली, गाठी बांधल्या की माल गेला. पैसा वर्षातून तीन-चार वेळा फिरतो आणि नफा मात्र बारीक राहतो. दालमिलचंही तेच. म्हणजे आपल्याकडची तोट्यातली जिनिंगसुद्धा या सूत्रात पास होते.

हे ओळखूनच आल्टमन यांनी एक तिसरं सूत्र दिलं, विक्री वगळून:

```
Z'' = 6.56(0.03) + 3.26(0.06) + 6.72(0.05) + 1.05(0.25)
    = 0.20 + 0.20 + 0.34 + 0.26 = 1.00 (अंदाजे)
```

इथे 1.1 च्या खाली धोका. तोच ताळेबंद, तीच मिल. (काही वेबसाइटवर याच सूत्रात 3.25 मिळवलेले असतात. तसं असेल तर 1.1 ची रेघ लावू नका, नाहीतर सगळेच सुरक्षित दिसतील.)

आता हा 1.00 तरी किती खरा? माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका मिलच्या कागदांवर सगळं ठीक होतं. मी गोदामात जाऊन गाठी मोजल्या, तर कागदावर होत्या त्यापेक्षा बऱ्याच कमी. त्यांनी मार्चअखेरचा साठा फुगवला होता. तुमच्या मिलनं समजा 60 लाखांचा साठा जास्त दाखवला असेल. तो काढला की खेळतं भांडवल 30 वरून उणे 30, नफा 50 वरून उणे 10, साठलेला नफा शून्य, मालकांचा पैसा 140. स्कोर शून्याच्याही किंचित खाली जातो. ही चार गुणोत्तरं एकमेकांची साक्ष देतात असं वाटतं, पण चौघांच्याही पोटात साठ्याचा तोच एक आकडा असतो.

आणखी एक. 50 लाखांचा नफा हा व्याजाआधीचा आहे. तुम्ही पाठवलेल्या पानावर व्याज 44 लाख दिसतंय. म्हणजे हाती उरतात सहा. स्कोरला हे कुठेच कळत नाही.

तारखेचीही अडचण आहे. ताळेबंद 31 मार्चचा, आणि तुमची कपाशी निघणार दसरा-दिवाळीला. मधल्या सहा महिन्यांत रुईचा भाव पडला असेल, तर तो कागद म्हणजे मागच्या हंगामाचा फोटो.

म्हणून मी असं करेन. मिलवाल्याला सरळ म्हणेन, शेठ, बँकेला दर महिन्याला देता ते साठ्याचं पत्रक दाखवा. दाखवलं तर गोदामात जाऊन गाठी मोजेन. एक गाठ साधारण 170 किलोची, हिशोब सोपा आहे. मग खेडा खरेदीवाल्या दोन-तीन जणांना विचारेन की गेल्या हंगामाचे पैसे कितव्या दिवशी मिळाले. 45 चे 70 झाले असतील तर तिथेच थांबेन. पत्रक नाही म्हणाले तर पहिल्या गाड्या काट्यावरच रोख.