मुलगा परदेशी चाललाय, निरोपाच्या वेळी वडिलांनी काय बोलावं?

«मुलगा बुधवारी मस्कतला नोकरीला चाललाय, एसीच्या कामावर. आदल्या रात्री घरी वाडीतली माणसं जमतील. आम्ही मालवणकडचे. मला दोन शब्द बोलायचेत, पण गळा दाटेल अशी भीती वाटते. काय नि किती बोलू?»

तीन मिनिटं पुरे. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे वहीचं दीडेक पान.

गाऱ्हाणं घालणार असाल तर तुमचं बोलणं त्याच्या आधी ठेवा. एकदा का शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ झालं की माणसं जेवायला उठतात, मग तुमचं कोण ऐकणार? शिवाय सुखरूप जाऊन येण्याचं मागणं गाऱ्हाण्यात येतंच, त्यामुळे तुमच्या भाषणात ते नको.

घरात बोलता त्याच मालवणीत बोला. सुरुवात साधी: ‘मंडळीनू, तुमी सगळे इलात, बरा वाटला.’ मग तो कुठे, कोणत्या कामाला जातोय ते एका वाक्यात. पगार आणि व्हिसाला झालेला खर्च अजिबात सांगू नका. पगार कळला की उसनं मागणारे त्याच्या फोनवर पोचतात. आभारात नावं घेतलीत तर एखादं राहतंच आणि मानपानाचा रुसवा पुढची चतुर्थी येईपर्यंत टिकतो. ‘वाडयेतल्या सगळ्यांनी’ एवढंच म्हणा.

मधला भाग हाच खरा गाभा. गुण सांगत बसू नका, घडलेली एकच गोष्ट सांगा. उदाहरणार्थ: ‘आयटीआयक जाताना पहाटेची एसटी चुकू नये म्हणान ह्याच्या आवशीन चार वाजता उठान डबो केल्यान.’ गळा दाटणार तो इथेच, म्हणून हे वाक्य शेवटाला ठेवू नका. त्याच्या लगेच पुढे कोरडी माहिती ठेवा: ‘बुधवारी सकाळी मोपाक जावचा आसा.’ आवाज तुटतो तो बहुतेक लांब वाक्याच्या शेवटी, श्वास संपल्यावर. त्यामुळे वाक्यं आखूड ठेवा आणि आईचं ते वाक्य घरी मोठ्याने आठ-दहा वेळा म्हणून ठेवा. तरीही दाटलंच तर थांबा, पाण्याचा घोट घ्या आणि पुढच्या ओळीवर जा. तेच वाक्य पुन्हा धरलंत तर पुन्हा अडकाल. कागदाची एक प्रत मुलाच्या मामाकडे द्या. अगदीच नाही जमलं तर उरलेलं तो वाचेल.

उपदेश चारचौघांत नको. पोरगा मान खाली घालून ऐकतो आणि विसरतो. आणि एक मोह टाळा: ‘चतुर्थीक येवकच व्हया’ असं सगळ्यांसमोर बजावू नका. आखाती करारात घरी यायची रजा बऱ्याचदा वर्षा-दोन वर्षांनी मिळते, आणि ती गणपतीच्या दिवसांतच मिळेल असं नाही. त्याऐवजी म्हणा, ‘रजा गावात तेवा ये, घर हयच आसा.’ त्यावर नारळ त्याच्या हातात द्या आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याला पुढे बोलवा.