खोडलेल्या ओळीचे आभार

प्रश्न: मित्राने माझं डेटिंग प्रोफाइल चार वेळा दुरुस्त करून दिलं, सुरुवातीचे चॅटही न कंटाळता वाचले. नुसतं ‘थँक्यू’ म्हणून सोडून देणं बरं वाटत नाही. पत्रात लिहू काय?

उत्तर:

मी असं पत्र लिहिलंय, आणि माझा पहिला खर्डा साफ फसला होता. ‘तुझ्यामुळे मला ती भेटली’ अशी सुरुवात. वाचायला गोड, पण माझ्या मैत्रिणीने नेमकं काय केलं त्याचा त्यात पत्ताच नव्हता. वर सगळे आभार त्या नव्या ओळखीच्या खुंटीला टांगलेले. ओळख तुटली की पत्रही खाली. (तुटलीच, चार महिन्यांनी.) म्हणून जमलं की नाही ते बाजूला ठेवा आणि त्याने घेतलेल्या मेहनतीबद्दल लिहा.

लिहायला बसण्याआधी तुमच्या दोघांचे जुने मेसेज उघडा आणि प्रोफाइलचा पहिला नि शेवटचा मजकूर शेजारी ठेवा. माझ्या पहिल्यात होतं, ‘फिरायला, वाचायला आणि गाणी ऐकायला आवडतं.’ तिने विचारलं, ‘शेवटचा कधी फिरलास?’ मी म्हटलं, दर रविवारी सायकल काढतो आणि हमखास रस्ता चुकतो. ‘मग हेच लिही की!’ तीच ओळ प्रोफाइलवर गेली, आणि ‘हाय’ऐवजी ‘या रविवारी कुठे चुकलास?’ असे मेसेज यायला लागले. आधीची ओळ कुणाच्याही नावावर खपली असती, त्यामुळे तिला धरून बोलायला कुणाला काही सापडत नव्हतं. ‘टाइमपासवाल्यांनी लांब राहावं’ हेही तिनेच काढायला लावलं: ‘वाचणाऱ्याने काही केलेलं नसताना तू दम का देतोयस?’ तेव्हा मला राग आला होता. तो रागसुद्धा पत्रात यावा, एका ओळीत.

चॅटबद्दल लिहिताना मात्र हात आवरा. समोरच्या व्यक्तीने तुम्हाला लिहिलेलं वाक्य पत्रात उतरवू नका. ते तिने तुमच्या मित्रासाठी लिहिलं नव्हतं, आणि कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तुमची चूक आणि त्याने ती कशी दाखवली, एवढंच पुरे.

माझं पत्र शेवटी असं झालं:

‘तू माझ्या प्रोफाइलमधल्या अकरा ओळींपैकी सात खोडल्यास. मी दोन दिवस फुगून बसलो, त्याबद्दल सॉरी. सायकलची ओळ माझीच होती, पण ती सांगण्यासारखी आहे हे मला तू विचारेपर्यंत कळलं नव्हतं.

चॅट वाचून तू म्हणालीस, “तिने घर बदलल्याचं सांगितलं आणि तू थेट पुढचा प्रश्न विचारलास. मुलाखत घेतोयस का?” तेव्हापासून मी आधी आलेला मेसेज दोनदा वाचतो, मग लिहितो. रात्री साडेबाराला मी चार परिच्छेदांचा मेसेज तयार करून तुला दाखवला, तेव्हा तू “सकाळी वाच” एवढंच म्हणालीस. सकाळी मीच तो पुसला.

सगळ्यात जास्त आभार नकाराचे. “तूच उत्तर लिहून दे” म्हणून मी मागे लागलो होतो. तू म्हणालीस, “भेटल्यावर बोलायला मी येणार आहे का?” त्या दिवशी मी चिडून फोन ठेवला. पण पहिल्या भेटीत माझी गाडी अडली नाही, कारण चॅटमध्ये बोलणारा मीच होतो.

तुला पाठवलेले सगळे स्क्रीनशॉट मी काढून टाकलेत. तुझ्याकडचेही काढून टाक.’

स्क्रीनशॉटची ओळ कोरडी वाटेल, तरी ठेवा. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी मित्राच्या फोनमध्ये आपण कोंबलेल्या असतात. त्या ओझ्यातून त्याला मोकळं करणं हाही आभाराचाच भाग. मी तर स्क्रीनशॉट समोरच्या व्यक्तीला न विचारता पाठवले होते, आणि ते बरोबर नव्हतं असं मला आज वाटतं. पुन्हा वेळ आली तर नाव-फोटो झाकून फक्त माझे मेसेज दाखवेन, किंवा तोंडी विचारेन.

एक टाळा: ‘आता तुझं प्रोफाइल मी करतो’ अशी परतफेड. त्याला हवं असेल तर तो मागेल. कदाचित त्याला हा सगळा प्रकारच नको असेल आणि तरीही त्याने तुमच्यासाठी वेळ दिला असेल.

लांबी एक पानभर. हाताने लिहिलंत तर छानच, मेसेजमध्ये पाठवलंत तरी बिघडत नाही. मी कागदावर लिहून दिलं होतं. शेवटी ‘हे सगळं शब्दांत सांगता येणार नाही’ अशी एक ओळ मी मोहाने घातली होती. दोन दिवसांनी तिने त्या पानाचा फोटो पाठवला. ती ओळ लाल पेनाने खोडलेली, आणि बाजूला लिहिलेलं: ‘वर सांगितलंस की!’