नफ्याचा रकाना झाकून

"मॅडम, गेल्या दोन वर्षांत एन्ट्रीचे तीन कोर्स केले. चार्टवर इंडिकेटर बदलून बदलून थकलो, तरी महिन्याच्या शेवटी वजाबाकीच. मला शेअर घेण्याची जागा कळत नाही, असंच ना? की ट्रेडिंग माझं कामच नाही?"

हे विचारणारे गृहस्थ ठाण्यात राहतात आणि ऐरोलीला नोकरी करतात. वय अडतीस. कॅशमध्ये डिलिव्हरी घेऊन आठ-दहा दिवस थांबायचं, ही त्यांची पद्धत. नौपाड्यातल्या माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा बायकोने पाठवलंय हे लपवलं नाही. कुठला शेअर घ्यावा हे मी सांगत नाही, ते माझं कामही नाही. मी फक्त डायरी मागितली. तीन महिन्यांचे २४ ट्रेड होते आणि प्रत्येकासमोर एकच शेरा: 'चांगला' किंवा 'चुकला'. नफा झाला की चांगला, तोटा झाला की चुकला.

खरी अडचण त्या शेऱ्यातच होती. शेवटचा आकडा तीन वेगवेगळ्या कामांचा मिळून बनतो: घेणं, मधले दिवस सांभाळणं आणि विकणं. गणितात नापास झालेल्या मुलाला नुसती टक्केवारी दाखवली तर तो भूगोलही पाठ करत बसेल. हे गृहस्थ दोन वर्षं भूगोलच पाठ करत होते.

मी रेल्वेच्या जुन्या पासाचं प्लास्टिकचं पाकीट नफा-तोट्याच्या रकान्यावर ठेवलं आणि म्हटलं, "आता हे न बघता तीन मार्क द्यायचे."

एन्ट्रीचे मार्क सोपे असतात. घेतलेल्या दिवसाचा उच्चांक आणि नीचांक काढायचा आणि आपल्या भावाच्या वर त्या पट्ट्याचा किती टक्के भाग उरला ते बघायचं. विक्रीला उलट, म्हणजे आपल्या भावाच्या खाली किती टक्के. डोळे मिटून घेतलं-विकलं तरी सरासरी ५० च्या आसपास येईल, त्यामुळे ५० च्या वर किती जाता तेवढंच तुमचं कसब. हे गृहस्थ भाव खाली आला की घेतात, म्हणून ही पट्टी त्यांना चालते. ब्रेकआउटवर घेणाऱ्याला ती लावू नये. तो उच्चांकाजवळच घेणार आणि विनाकारण नापास होणार. त्याच्यासाठी घेतल्यानंतरच्या दोन दिवसांत भाव स्टॉपच्या, म्हणजे तोटा थांबवायला आधी ठरवलेल्या विक्रीच्या भावाच्या, दिशेने किती खाली गेला, ते बघावं.

मधल्या दिवसांच्या सांभाळण्याला टक्के लावता येत नाहीत. तिथे तीनच प्रश्न: स्टॉप खाली सरकवला का? भाव ठरलेल्या अंतराइतका वर गेल्यावर स्टॉप कॉस्टला, म्हणजे घेतलेल्या भावाला, आणला का? न ठरवता पडत्या भावात आणखी शेअर घेऊन अ‍ॅव्हरेज केलं का? तिन्ही उत्तरं बरोबर असतील तरच पूर्ण मार्क. अर्थात, ट्रेडच्या आधी स्टॉप आणि टार्गेट लिहिलेलं असेल तरच हे तपासता येतं. त्यांनी ते लिहिलं होतं, ही मोठीच गोष्ट.

एक ट्रेड आम्ही नीट उलगडला. घेतलं ४१२ ला, १५० शेअर. स्टॉप ४००, टार्गेट ४४२. म्हणजे जोखीम शेअरमागे १२ रुपये, एकूण १,८००. त्या दिवशी भाव ४०८ ते ४२० फिरला होता, म्हणजे एन्ट्रीला ६७ टक्के. चांगलीच एन्ट्री. चौथ्या दिवशी भाव ४३६ ला गेला, जोखमीच्या दुप्पट. त्यांच्याच नियमाप्रमाणे ४२४ ला स्टॉप कॉस्टला यायला हवा होता. आला नाही. भाव ४०२ पर्यंत घसरल्यावर त्यांनी स्टॉप ३९२ केला, दुसऱ्या दिवशी ३८५. शेवटी वैतागून ३९१ ला हाताने विकलं. त्या दिवशीचा पट्टा ३८९ ते ३९९, म्हणजे विक्रीला २० टक्के. तोटा ३,१५०. नियम पाळला असता तर जवळपास शून्यावर सुटले असते. आणि डायरीत शेरा होता: 'एन्ट्री चुकली.'

लगेच उलटा ट्रेडही सापडला. तिथे तर स्टॉप काढूनच टाकला होता. भाव स्टॉपच्या बराच खाली जाऊन परत वर आला आणि नफा दिला. शेरा 'चांगला'. पाकिटाखालचा आकडा न बघता त्यांनी स्वतःच त्याला सांभाळण्यात शून्य दिलं आणि मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. सगळ्यात महाग धडा असाच नफ्याच्या पाकिटात येतो, कारण त्याने स्टॉप काढायची सवय पक्की होते.

२४ ट्रेडची बेरीज झाली तेव्हा एन्ट्रीची सरासरी ६१ निघाली, विक्रीची ४५. सांभाळण्यात पूर्ण मार्क फक्त ९ ट्रेडना. १० ट्रेडमध्ये स्टॉप खाली सरकवला होता किंवा अ‍ॅव्हरेज केलं होतं, आणि ५ मध्ये स्टॉप कॉस्टला आणायचा राहिला होता.

४५ बघून ते म्हणाले, "म्हणजे विकणंही शिकायला हवं." इथे बरेच जण फसतात. मी त्या १० ट्रेडची विक्री बाजूला काढायला सांगितली. त्यांची सरासरी २६ आली आणि उरलेल्या १४ ची ५८. म्हणजे विकता येत होतं. मधे गोंधळ घातला की मग घाबरून विकत होते, आणि घाबरलेला माणूस तळाशीच विकतो. अशा वेळी विक्रीचा वेगळा अभ्यास केला की चौथा कोर्स पदरात पडतो, दुसरं काही नाही. विक्रीचे कमी मार्क सगळ्याच ट्रेडमध्ये सारखे पसरलेले असते, तर मात्र मी वेगळं बोलले असते.

मग स्टॉप सरकवतात कधी, हे शोधलं. ऑर्डरच्या वेळा अ‍ॅपमध्ये होत्या. बहुतेक वेळा दुपारी एक ते दोन, डबा खाताना फोनवर. मीटिंगमध्ये असतात त्या दिवशी एकदाही नाही! त्यामुळे उपाय साधा ठरला. शेअर घेतला की त्याच संध्याकाळी घरून स्टॉप आणि टार्गेटची जीटीटी ऑर्डर लावायची, म्हणजे भाव तिथे पोचला की विक्रीची ऑर्डर आपोआप जाते. ऑफिसच्या वेळेत फोनमध्ये ट्रेडिंगचं अ‍ॅप ठेवायचं नाही. स्टॉपला हात लावायचा तो रात्री, आणि फक्त वरच्या दिशेने. जीटीटीची एक मेख त्यांना आधीच सांगितली. ट्रिगर लागल्यावर ती सहसा लिमिट ऑर्डर टाकते. सकाळी सव्वानऊला भाव गॅपने खाली उघडला तर ऑर्डर तशीच पडून राहू शकते. म्हणून लिमिट ट्रिगरच्या थोडी खाली ठेवायची आणि मोठी बातमी असेल त्या सकाळी एकदा तपासायचं.

इंडिकेटर दोन महिने बदलायचे नाहीत, ही अट त्यांना सगळ्यात जड गेली.

दोन महिन्यांनी आले तेव्हा ११ नवे ट्रेड होते आणि नफ्याच्या रकान्यावर पट्टी त्यांनीच चिकटवून आणली होती. सांभाळण्यात ११ पैकी ९ ना पूर्ण मार्क. विक्रीची सरासरी ५६, तिच्यासाठी काहीही न करता. एन्ट्री मात्र ६१ वरून ५५ वर आलेली. "बघा मॅडम, मी म्हणत होतो ना, एन्ट्रीच!" ते जवळजवळ खुशीतच म्हणाले. ११ ट्रेडमध्ये सहा टक्के इकडेतिकडे होणारच. २४ भरू द्या, मग बोलू, असं सांगून मी पट्टी न काढताच वही परत दिली.