‘अजिबात दुखत नाही’ हे आधी खोड

चि.
अनेक आशीर्वाद.

1 ऑक्टोबरच्या, म्हणजे स्वैच्छिक रक्तदान दिनाच्या शिबिराचं निवेदन तू पाठवलंस, ते दोनदा वाचलं. खाली विचारलंयस, ‘मॅडम, भोवळ येऊ शकते असं लिहू का? वरिष्ठ म्हणतात, असं लिहिलं तर पहिल्यांदा येणारे फिरकणारही नाहीत.’

लिही. आणि ‘अजिबात दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं’ ही ओळ आधी खोड. रक्त काढायची सुई नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा चांगलीच जाड असते. टोचताना दुखतं. मग दुखणं उतरतं आणि नुसतं ओढल्यासारखं वाटत राहतं. मुंगीची वाट पाहत पडलेल्या मुलाला ती सुई दिसली की तुझ्या पुढच्या कुठल्याच वाक्यावर त्याचा विश्वास राहत नाही. जे होणार आहे, ते आधी सांगायचं. रक्तपेढीत जन्म घालवून मला एवढंच कळलंय.

हे मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः लिहिलं होतं, ‘काहीही होत नाही, निःशंक मनाने या.’ कॉलेजच्या सभागृहात शिबिर होतं, त्यात नवरात्र. एक अठरा वर्षांची मुलगी आली. वजन 47 किलो, हिमोग्लोबिन पुरेसं. ‘काही खाल्लं आहे का’ या प्रश्नापुढे तिने ‘हो’ लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, सकाळी दोन केळी आणि चहा झाला होता. नऊ दिवसांचे उपवास आहेत हे आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नंबर लागला दुपारी दीडला. पिशवी सात मिनिटांत भरली, कॉटवर ती हसत बोलत होती. मैत्रिणी थांबल्या होत्या म्हणून दोन मिनिटांत उठली आणि कॉफीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथे तिने लागोपाठ दोन जांभया दिल्या. मी पाहिल्या त्या! वाटलं, पहाटे उठली असेल. तिसरी जांभई अर्धवट राहिली आणि ती सरळ पुढे कोसळली. हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली. तीन टाके पडले.

टाक्यांचं मला एवढं नाही. पाय उंच करून निजवलं होतं, पाचेक मिनिटांत गालांवर रंग आला, तेव्हा तिने विचारलं, ‘काही होत नाही असं लिहिलं होतं ना? मग माझ्यातच काही बिघाड आहे का?’ मी तिला समजावलं. तिला पटलं नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही, आणि तिच्या वर्गातलंही कोणी आलं नाही. धीर द्यायला लिहिलेलं माझं ते वाक्य तिला आजारी ठरवून गेलं. म्हणून म्हणते, जे होणार आहे, ते आधी सांग.

तिच्यात बिघाड काही नव्हता. 45 किलोच्या वरच्या कुणाकडूनही 350 मिलीची पिशवी घेता येते, हा नियम तुला पाठ आहे. पण पिशवी सारखी असली तरी वाटा सारखा नसतो. 47 किलोच्या मुलीच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त, म्हणजे तिने आठवा-नववा हिस्सा दिला. सत्तर किलोच्या मुलाचा तोच वाटा चौदावा-पंधरावा. त्यात पोटात पाणी नाही, मनात धास्ती. अशा वेळी शरीर कधी कधी उलटच वागतं. हृदयाचे ठोके वाढायचे ते मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. आडवं केलं की ते आपोआप परत पोचतं. तरुण, हलक्या वजनाचे आणि पहिल्यांदाच आलेले यांच्यात हे जास्त होतं, म्हणजे नेमकं ज्यांच्यासाठी तू निवेदन लिहिते आहेस त्यांच्यात. आणि बहुतेकदा माणूस कॉटवरून उठल्यावर पडतो, म्हणजे आपलं लक्ष पुढच्या दात्याकडे गेलेलं असताना.

‘रक्त 24 तासांत भरून येतं’ हेही अर्धं खरं आहे. द्रव भाग एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात आणि लोहाला त्याहून जास्त. म्हणून तर पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने थांबवतो आपण.

वरिष्ठ माझ्याही वेळी हेच म्हणायचे. मी ऐकलं नाही म्हणून हट्टी ठरले, एका वर्षी शिबिराचं काम माझ्याकडून काढूनही घेतलं. संख्या थोडी घटलीही असेल, नाकारत नाही. पण साठ पिशव्या आल्या आणि त्यांतले चाळीस जण पुन्हा कधीच आले नाहीत, तर मिळवलं काय? हे सगळं मी स्वतःच्या समाधानासाठी सांगते आहे असं तुला वाटेल. वाटू दे.

तर तुझ्या त्या गुळगुळीत परिच्छेदाच्या जागी हे घाल:

‘पहिल्यांदा येत असाल तर: जेवून या, पण तडस लागेपर्यंत नको. उपवास असेल तर उपवास नसलेल्या दिवशी रक्तपेढीत या, आम्ही तेव्हाही असतोच. कॉटवर जाण्याआधी दोन मोठे ग्लास पाणी प्या. सुई टोचताना दुखेल, नंतर कमी होईल. दुखतच राहिलं किंवा बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या तर लगेच सांगा, आम्ही सुई काढू. पिशवी भरायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पायांची अढी घालून मांड्या आवळत आणि सैल सोडत राहा. काहींना नंतर भोवळ येते. तो आजार नव्हे, आडवं झाल्यावर ती जाते. जांभया, मळमळ, ओठावर घाम असं काही वाटलं तर लाजू नका, आहात तिथेच खाली बसा.’

हिमोग्लोबिनचंही एक वाक्य टाक. 12.5 च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत आणि तपासणीत बऱ्याच मुली परत जातात. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात थेंब बुडतो की तरंगतो हे आपण सगळ्यांच्या देखत पाहतो, आणि कोणीतरी मागून ओरडतं, ‘हिला रक्तच नाही!’ ते टेबल आडोशाला लाव. परत जाणारीला चहा दे आणि डॉक्टरांकडे पाठव. असंही होऊ शकतं हे तिने घरूनच वाचलेलं असू दे.

वरिष्ठांनी भोवळीची ओळ काढलीच, तर रुसून बसू नकोस. नोंदणीच्या टेबलावर बस आणि प्रत्येकाला तोंडी सांग. माझ्याकडून काम काढून घेतलं त्या वर्षी मी तेच केलं, घसा बसला होता.

आणि चहाच्या टेबलाशी रांग लावू देऊ नकोस. पाठीच्या खुर्च्या मागव, स्टुलं नकोत. कॉटवर दहा मिनिटं झाल्याशिवाय कुणाला उठवू नका आणि कॉफी-बिस्किटं तुम्हीच खुर्चीवर नेऊन द्या. त्या खुर्च्यांकडे तोंड करून एक माणूस दिवसभर ठेव. त्याला दुसरं काम देऊ नकोस, फक्त जांभया मोजू देत.

तुझ्या,
मॅडम