एकच बचत खाते, घर आणि दुकान

“माझे वह्या-पेनांचे दुकान आहे. ग्राहकांचे क्यूआर कोडवरचे पैसे, मुलगा पाठवतो ते पैसे आणि भिशीसुद्धा एकाच बचत खात्यात येते. वर्षभरात पंधरा लाखांवर जमा दिसते आहे. ही सगळी माझी कमाई धरली जाईल का? आता हे वेगळे कसे करू?”

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात पासबुक होते आणि पिशवीत रोजमेळाची वही होती. ही वही त्या रोज रात्री लिहीत असत, पण कराच्या कामासाठी ती कधी कोणाला दाखवलीच नव्हती. मला त्या वहीचेच मोल अधिक वाटले, कारण खात्यात किती पैसे आले एवढेच बँकेचा उतारा सांगतो. ते कशाचे आहेत, हे त्यावरून कळत नाही.

आम्ही नेट बँकिंगमधून एप्रिल ते मार्च असा पूर्ण वर्षाचा उतारा एक्सेलमध्ये उतरवून घेतला. अ‍ स्तंभात तारीख, ब मध्ये तपशील, क मध्ये जमा रक्कम आणि ड मध्ये आम्ही स्वतः लिहिलेला गट, अशी मांडणी ठेवली. गटांची नावे सातआठच ठेवली, कारण पंचवीस गट केले की तिसऱ्या दिवशी माणूस कंटाळून ‘इतर’ लिहू लागतो. ‘कळत नाही’ हा गट मात्र मुद्दाम ठेवला. प्रत्येक गटाची बेरीज अशी निघाली:

```
=SUMIF(D:D,"विक्री",C:C)
```

एकूण जमा 15,42,000 रुपये होती. त्यात क्यूआर कोडवरची विक्री 8,70,000, गल्ल्यातून भरलेली रोकड 2,60,000, मुलाने घरखर्चासाठी पाठवलेले 1,44,000, मुदत ठेवीचे मुद्दल व व्याज मिळून 2,12,000, भिशीचे 36,000, घाऊक व्यापाऱ्याने परत केलेले 18,000 आणि बचत खात्याचे व्याज 2,000 निघाले. भिशीची रक्कम ती चालवणाऱ्या बाईंच्या नावाने आल्यामुळे पहिल्या फेरीत ग्राहकाच्या पैशांत गेली होती. एवढ्या छोट्या दुकानात एका ग्राहकाकडून 36,000 ची गोल रक्कम आली, म्हणून ती नजरेत भरली. अशा गोल आणि मोठ्या रकमा नेहमी दुसऱ्यांदा तपासाव्यात.

खरी गफलत रोकडीत होते. गल्ल्यातले पैसे बँकेत भरणे ही विक्री नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवणे आहे. विक्री त्याआधीच, वस्तू दिली तेव्हा झालेली असते. रोजमेळानुसार ताईंची वर्षाची रोख विक्री 4,10,000 होती. त्यातले 2,60,000 बँकेत आले, 60,000 मालवाल्यांना रोख दिले आणि 90,000 दूध-भाजीसाठी घरी गेले. केवळ उताऱ्यावर भिस्त ठेवली असती तर दीड लाखाची विक्री हिशेबातून सुटली असती आणि दोन्ही मिळवले असते तर 2,60,000 दोनदा मोजले गेले असते. म्हणून आम्ही उताऱ्यातली क्यूआर विक्री घेतली आणि रोख विक्री फक्त वहीतून घेतली. दुकानाची उलाढाल 12,80,000 ठरली.

ताईंचे ते वर्ष 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखालचे होते. त्यातील कलम 44 एडी अन्वये छोट्या व्यावसायिकाला अनुमानित नफा दाखवता येत होता: बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के, रोख विक्रीवर किमान 8 टक्के. त्याप्रमाणे 52,200 आणि 32,800 मिळून 85,000 होतात. हा आकडा किमान आहे, हे बरेच जण विसरतात. ताईंची खरेदी, भाडे आणि वीज वजा जाता प्रत्यक्षात 1,60,000 उरत होते, म्हणून तेवढेच दाखवावे असे मी सुचवले. ठेवीचे आणि बचत खात्याचे व्याज दुकानाच्या नफ्यात न मिसळता इतर उत्पन्नात घेतले आणि प्राप्तिकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणाशी, म्हणजे एआयएसशी, ताडून पाहिले. मुलाने दिलेले पैसे, ठेवीचे मुद्दल आणि भिशीत आपणच भरलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे. मात्र मुलाच्या रकमेपुढे ‘घर’ अशी टीप असली तर पुढे कोणी विचारल्यास उत्तर सोपे जाते. व्यापाऱ्याने परत केलेले 18,000 खरेदीतून वजा झाले.

खर्चाच्या बाजूला घर आणि दुकान यांचे वीजबिल एकच होते. दुकानातले दिवे आणि पंखे पाहून आम्ही एक तृतीयांश दुकानाकडे धरले आणि हा आधार वहीत लिहून ठेवला. घरासाठी काढलेल्या रकमेपुढे ‘उचल’ लिहिले. उचल म्हणजे दुकानाचा खर्च नव्हे.

शेवटी आरंभीच्या शिलकेत सर्व जमा मिळवून खात्यातून गेलेल्या सर्व रकमा वजा केल्या, तेव्हा उताऱ्यातली अखेरची शिलक जुळली. ती जुळत नसती तर एखादी ओळ सुटली आहे असे समजून आम्ही महिन्यामहिन्याने मागे गेलो असतो.

बचत खात्यात दुकानाची उलाढाल चालवण्यास बँक हरकत घेऊ शकते, म्हणून दुकानासाठी वेगळे खाते काढून क्यूआर कोड त्याला जोडावा, असे मी ताईंना सांगितले. ते होईपर्यंत त्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मागील महिन्याच्या ओळींपुढे गट लिहितात. एप्रिलच्या ओळींना पाऊण तास लागला आणि ‘कळत नाही’ मध्ये दोनच नोंदी उरल्या, कारण कोणी कशाचे पैसे दिले हे त्यांना अजून आठवत होते.