पाटोडीचा रस्सा: शिकलो कुठे, माल कुठला

प्रश्न: खेड्यात हॉटेल चालवणाऱ्यांना विचारतो. स्वयंपाक कुठे शिकलात, तुमच्याकडचा खास पदार्थ कोणता आणि त्याचा माल कुठून घेता? मेनूकार्ड नको, नीट सांगा.

उत्तर: उमरेड-भिवापूर रस्त्यावर आमचं भोजनालय आहे. गिऱ्हाईक येतं ते पाटोडीच्या रश्शासाठी, म्हणून तेवढंच सांगतो.

रस्सा मी नागपुरात एका सावजी भोजनालयात शिकलो. पहिलं काम मसाला भाजायचं. तिथल्या आचारीकाकांनी प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायला लावला. खसखस बघता बघता करपते, सुकं खोबरं सावकाश लाल होतं, दगडफूल नुसतं गरम झालं तरी पुरे. सगळं एकदम कढईत टाकलं की काहीतरी जळतंच, आणि तो कडवटपणा रश्शातून मग निघत नाही. तिखटाचंही तसंच. कांद्याचं वाटण तेल सुटेस्तोवर परतायचं, आच कमी करून तिखट घालायचं आणि लगेच थोडं गरम पाणी. लाल तर्री त्यानेच येते.

पाटोडी आईची. वाटीभर बेसन पावणेदोन वाट्या गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते फोडणीत ओतून मंद आचेवर घोटायचं. गोळा कढई सोडू लागला की झाला असं वाटतं, पण आत तो कच्चाच असतो. झाकण ठेवून वाफ द्यायची, मग ओलं बोट लावून बघायचं. चिकटलं नाही तर शिजला. तेल लावलेल्या ताटात थापून वर खोबरं, खसखस आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. कच्ची पाटोडी रश्शात विरघळते. शिजलेलीही उकळत्या रश्शात ठेवली तर फुगून तुटते, म्हणून आम्ही ती वाढतानाच सोडतो.

बेसन विकत आणत नाही. बाजारच्या बेसनात कधी वाटाणा, कधी लाखोळी दळलेली असते, आणि मग पाण्याचं प्रमाण दर पोत्याला बदलतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघाला की गावातल्या शेतकऱ्यांकडूनच घेतो. माप त्यांच्यासमोर, पैसे त्याच दिवशी. उधारीवर माल घेऊन चांगला दाणा मागायचा, हे मला पटत नाही. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवतो, मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बनवलेल्या मिनी दालमिलवर डाळ करून घेतो. दळतो आठवड्यापुरतंच, बेसन जुनं झालं की वास धरतं. काढणीच्या वेळी पाऊस पडला तर दाणा काळपट होतो. त्या वर्षी दुसऱ्या गावचा हरभरा आणावा लागतो.

तिखट भिवापुरी मिरचीचं. पण तो वाण लावणारे आता थोडेच उरलेत. वर्षभर पुरत नाही, उन्हाळ्यानंतर दुसरी मिरची मिसळतो, आणि कोणी विचारलं तर तसं सांगतो. खसखस, खोबरं, दगडफूल आमच्या भागात पिकतच नाही. ते नागपूरच्या इतवारीतून येतं.