‘यो’ आलं की ‘तुम्ही’? कोरियन घरातलं आदराचं बोलणं मराठीत आणताना

प्रश्न: कोरियन मालिकांची मराठी सबटायटल्स करायला घेतली आहेत. घरातल्या मोठ्यांशी बोलताना आदराची पातळी कशी ओळखायची? वाक्याच्या शेवटी ‘यो’ आला की ‘तुम्ही’ आणि नाही आला की ‘तू’, एवढं पुरतं का?

उत्तर:

नाही पुरत. ‘यो’वरून फक्त समोर ऐकणारा कोण आहे ते कळतं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याचा मान वेगळ्या जागी असतो, क्रियापदाच्या पोटात, ‘शी’ या प्रत्ययात. मराठीत आपण या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात शोधतो, म्हणून आपली गल्लत होते.

एका घरातली चार वाक्यं घ्या. सून, तिचा नवरा, सासू आणि लहानगा मिन्सू. साधं झोपणं म्हणजे ‘जादा’, आणि मोठ्या माणसाचं झोपणं म्हणजे ‘जुमुशिदा’. सून नवऱ्याला हळूच सांगते, ‘ऑमॉनिम जुमुशॉ.’ इथे ‘यो’ नाही, कारण नवरा बरोबरीचा. पण सासूसाठी मानाचं क्रियापद आहे. म्हणून ‘आई झोपल्यात रे’. तुमच्या नियमाने गेलात तर ‘आई झोपलीय’ असं होईल आणि बघणाऱ्याला वाटेल की ही माहेरी आलीय. थोड्या वेळाने तीच सून सासूला म्हणते, ‘ऑमॉनिम, मिन्सू जायो.’ आता ‘यो’ आहे, पण तो सासूसाठी, पोराचं झोपणं साधंच. ‘अहो आई, मिन्सू झोपलाय.’ मग दाराशी जाऊन सासूलाच विचारते, ‘ऑमॉनिम, जुमुसेयो?’ ऐकणारी तीच आणि झोपणारीही तीच, म्हणून दोन्ही मान एकत्र: ‘आई, झोपलात का?’ आणि रात्री स्वतःच्या आईला फोन लावून ‘ऑम्मा, जा?’, म्हणजे ‘आई, झोपलीस का?’

आता दुसरं वाक्य पुन्हा बघा. मराठी क्रियापद झोपणाऱ्यामागे जातं, ऐकणाऱ्याची त्याला फिकीर नसते. मग सासूला दाखवलेला ‘यो’ गेला कुठे? तो ‘अहो’त आहे. अहो, अगं, अरे आणि वाक्याच्या शेपटीला येणारे ‘रे’, ‘गं’ हेच आपल्याकडे ऐकणाऱ्याशी असलेलं नातं धरून ठेवतात. जुन्या वळणाची बायको नवऱ्याशी ‘यो’ लावून बोलत असेल, तर पहिलंच वाक्य ‘अहो, आई झोपल्यात’ असं होईल. आईंचा मान तसाच राहिला, बदललं ते नवऱ्याशी बोलणं. सबटायटलमध्ये जागा कमी म्हणून हे शब्द सर्रास छाटले जातात. मला ते अजिबात पटत नाही. दुसरा एखादा शब्द काढा, हे ठेवा.

‘शी’ कानाने पकडताना एक धोका आहे. तो सुटा क्वचित ऐकू येतो. ‘सेयो’, ‘शॉ’, ‘शिम्निदा’ अशा रूपांत मिसळलेला असतो. पण ‘माशॉयो’ ऐकलं की लगेच आदर समजू नका. ‘माशिदा’ म्हणजे पिणे, त्यातला ‘शी’ मूळ धातूचाच. शंका आली की क्रियापदाचं शब्दकोशातलं रूप बघायचं. ‘शी’ तिथेही असेल तर ‘जुमुशिदा’सारखं मुळातच मानाचं आहे की ‘माशिदा’सारखं साधं, ते अर्थावरून कळतं.

नात्याच्या शब्दांत ‘निम’वर लक्ष ठेवा. ‘ऑम्मा’ आणि ‘ऑमॉनी’ आपल्या आईला, ‘ऑमॉनिम’ सासूला किंवा मित्राच्या आईला. मराठीत तिन्ही ‘आई’च होतील (मित्राची असेल तर ‘काकू’), आणि फरक क्रियापद सांभाळेल. आत्या, मावशी, मामा यांचं काम सोपं आहे. ‘गोमो’, ‘इमो’, ‘वेसामछोन’ अशी वेगवेगळी नावं त्यांच्याकडेही आहेत. सासरची नातीही आपल्याला छान जमतात. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीला ‘आगाश्शी’ म्हणतात, तिथे ‘वन्सं’ बसतं. त्याच्या धाकट्या, लग्न न झालेल्या भावाला ‘दोर्यॉन्निम’, तिथे ‘भावोजी’. तो वयाने लहान असला तरी वहिनी त्याच्याशी ‘यो’ लावून बोलते आणि तोही तिच्याशी, म्हणून दोन्हीकडून ‘तुम्ही’. ‘ह्यॉन्निम’ मात्र फसवतो. पुरुषाच्या तोंडी तो थोरला भाऊ, बाईच्या तोंडी मोठी नणंद किंवा मोठी जाऊ. बोलणारं कोण ते बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि खानावळीत कुणी ‘इमो!’ अशी हाक मारली तर ती नात्यातली मावशी असेलच असं नाही. आपणही कामाच्या बाईंना मावशी म्हणतोच, तेव्हा तिथे ‘मावशी’च ठेवा.

आता ‘तू’ की ‘तुम्ही’. कोरियन नातू आजीला ‘हालमॉनी, जुमुसेयो?’ विचारतो, त्यात ‘शी’ आहे आणि ‘यो’ही आहे. तरी मी ‘आजी, झोपलीस का?’ असंच लिहीन. आपल्या बहुतेक घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ असतं. ‘आजी, झोपलात का?’ लिहिलं तर कोरियनमध्ये नसलेला दुरावा आत येतो. म्हणून काम सुरू करण्याआधी पात्रांच्या जोड्या लिहून काढा: कोण कुणाला काय म्हणेल. ते मराठी घराच्या रीतीने ठरवा आणि मूळ बोलण्यातली पातळी बदलेपर्यंत हलवू नका.

ती बदलते तो क्षण चुकवायचा नाही. होणारा जावई पहिल्यांदा घरी येतो, सासरे जपून ‘यो’ लावून बोलतात, आणि तो म्हणतो, ‘माल्सुम फ्यॉन्हागे हासेयो.’ शब्दशः मोकळेपणाने बोला, पण मराठीत ते ‘मला अहोजाहो नका करू’. यानंतर जुन्या पिढीतला सासरा ‘आन्के’ असं म्हणेल. ही ‘हागेछे’ नावाची पातळी. वरच्याने खालच्या पण मोठ्या झालेल्या माणसाशी बोलायची, विशेषतः जावयाशी. लहान पोराला कुणी असं बोलत नाही. इथे ‘बसा जावईबापू’ लिहिलं तर पारडंच फिरतं, कारण आपल्याकडे मान जावयाचा, तिथे सासरा वरच राहतो. ‘बस रे’ फार सैल होतं. मी ‘ये, बैस’ करतो. त्यात जवळीक आहे आणि वडीलपणही आहे.

शेवटचं, जुन्या काळातल्या मालिकांसाठी. नातू आजोबांना सांगतो, ‘आबॉजीगा वास्सुम्निदा’, बाबा आले. मानाचं ‘ओशॉस्सुम्निदा’ नाही, म्हणून तो बापाला कमी लेखतोय असं समजू नका. ऐकणारा बापापेक्षाही मोठा असला तर त्याच्यासमोर बापाचा मान वाढवायचा नाही, अशी जुनी रीत आहे, तिला ‘आप्जोन्बॉप’ म्हणतात. आता घराघरांत ‘ओशॉस्सॉयो’च ऐकू येतं, आणि कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या 2011 च्या भाषा-शिष्टाचारातही बापाला मान देणं चालतं असं धरलंय. मराठीत आजोबांसमोरही बाबा ‘आले’च असतात, त्यामुळे दोन्ही वाक्यांचं उत्तर एकच: ‘आजोबा, बाबा आले.’